सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग खाली आग कशाची?

"खाली आग होते. मिरच्या कापलेला हात लागल्यासारखी." डॉक्टरांसमोर बसून बाई एवढंच बोलते आणि पिशवीतून फाइल काढते. फाइलमध्ये लघवीच्या तपासण्या आहेत, कल्चर आहे, सोनोग्राफी आहे, रक्तातली साखर आहे. सगळीकडे एकच शब्द: नॉर्मल. हा शब्द वाचून घरचे निश्चिंत होतात. तिची आग मात्र तशीच असते, वर आता तिच्यावर कुणाचा विश्वासही उरलेला नसतो.

या बाईला आपण वैशाली म्हणू. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही. अशा तक्रारींची जी नेहमीची वाट असते, त्यावरून जुळवलेलं हे उदाहरण आहे. वय ३१, बँकेत नोकरी. दीड वर्षापूर्वी तिला खरोखरच फंगल इन्फेक्शन झालं होतं. दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज. औषधाने दोन्ही गेलं, पण आग राहिली. पुन्हा क्रीम, पुन्हा गोळी. कुणी सांगितलं, उष्णता आहे, सब्जा घे, धन्या-जिऱ्याचं पाणी पी. कुणी कोमट पाण्यात जंतुनाशक टाकून बसायला सांगितलं. मेडिकलवाल्याने सुगंधी वॉशची बाटली दिली. तिने जीन्स घालणं सोडलं, मग स्कूटर सोडली, मग नवऱ्याजवळ जाणं टाळायला लागली.

तिच्या त्रासाला नाव आहे: व्हल्व्होडिनिया. बाह्य जननेंद्रियाच्या जागी किमान तीन महिने टिकलेलं दुखणं, ज्यामागे जंतुसंसर्ग, त्वचारोग, गाठ किंवा नसेला इजा असं ठोस कारण सापडत नाही, अशी त्याची व्याख्या या विषयातल्या तीन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी २०१५ साली मिळून ठरवली. दुखणं म्हणजे इथे बहुतेक वेळा आगच. काहीजणींना ते टोचल्यासारखं, सोलवटल्यासारखं वाटतं. खाज हे मात्र याचं मुख्य लक्षण नाही, आणि हा फरक पुढे कामाला येतो.

दुखतं ते घरात नाही, ओसरीवर

आपल्याकडे या सगळ्या भागाला सरसकट 'योनी' म्हणून टाकतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. योनी म्हणजे आतली नळी. बाहेर दिसतो तो भाग म्हणजे व्हल्वा: मोठे आणि छोटे ओठ, वर शिस्निका, मध्ये लघवीचं आणि योनीचं तोंड. छोटे ओठ बाजूला केले की योनीच्या तोंडाभोवती जी ओलसर, गुलाबी पट्टी दिसते तिला डॉक्टर 'व्हेस्टिब्यूल' म्हणतात. मराठीत याला चपखल शब्द आहे, ओसरी. घरात शिरण्याआधीची जागा. वैशालीसारख्या तरुण बायकांचं दुखणं बहुतेकदा या दोन-तीन बोटं रुंदीच्या ओसरीतच असतं.

आता तपासणीत काय होतं ते बघा. डॉक्टर योनी उघडी धरणारं स्पेक्युलम हे उपकरण घालतात, योनीच्या आतून स्राव घेतात, गर्भाशयाचं तोंड बघतात. सोनोग्राफी त्याहून आतलं दाखवते. म्हणजे सगळं माजघर, स्वयंपाकघर, परसदार तपासून झालं, सगळं लखलखीत निघालं. दुखत होती ती ओसरी; तिच्यावरून सगळे आत निघून गेले. रिपोर्ट खोटे नव्हते. ते दुसऱ्या जागेबद्दल खरं बोलत होते.

काहीजणींना मात्र आग एका जागी नसते, सगळ्या व्हल्वाभर पसरलेली असते आणि हात न लावताही दिवसभर धुमसते. उतारवयात हा प्रकार जास्त दिसतो. उपचार बरेचसे तेच असले तरी या लेखात आपण ओसरीच्या, स्पर्शाने भडकणाऱ्या दुखण्याचाच माग काढू.

जखम नाही, जंतू नाही, मग दुखतं कशाने?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी गाडी असते. बोनेटवर मांजर चढलं, शेजारून ट्रक गेला, की तिचा सायरन कोकलायला लागतो. चोर आलेला नसतो, पण आवाज खराच असतो आणि झोपही खरीच मोडते. चोर शोधून काही उपयोग नाही, सायरनची संवेदना कमी करायला हवी.

नसांचं तसंच होतं. एखाद्या संसर्गाने किंवा दाहाने नसा एकदा चिडल्या, आणि मूळ कारण गेल्यावरही त्या चिडलेल्याच राहिल्या, की साधा स्पर्शही त्या 'आग' म्हणून मेंदूला कळवतात. ही नुसती कल्पना नाही. अशा बायकांच्या ओसरीतले छोटे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही अभ्यासांत वेदनेच्या बारीक नसा नेहमीपेक्षा दाट आढळल्या. हे दुखणं बराच काळ चाललं की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदूही त्या संदेशांना जास्त आवाज द्यायला लागतात. म्हणूनच काहीजणींना याच्या जोडीला पोटाचा त्रास, लघवीच्या पिशवीची दुखणी किंवा अंगभर दुखणं असतं.

दुसरा भिडू म्हणजे स्नायू. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती मूत्राशय, योनी, गुदद्वार यांना आधार देते. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, तसे दुखण्याच्या भीतीने हे स्नायू आवळतात. महिनोन्‌महिने आवळलेल्या मुठीला काय होईल? ती दुखेलच, आणि उघडायला सांगितली तरी पटकन उघडणार नाही. स्नायू आवळले की योनीचं तोंड अरुंद होतं, घर्षण वाढतं, नसा आणखी चिडतात, स्नायू आणखी आवळतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की सुरुवात कशाने झाली हा प्रश्न मागे पडतो.

सगळ्यांत नेमकी सुरुवात काय, याचं एकच उत्तर नाही. काहींना वैशालीसारखं वारंवारच्या फंगल संसर्गानंतर होतं. काहींना पहिल्यांदा टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरताना, किंवा लग्नानंतर पहिल्या संबंधाच्या वेळीच कळतं की इथे काहीतरी वेगळं आहे.

कापसाच्या काडीची तपासणी

या निदानाला एमआरआय लागत नाही. कान कोरायची असते तशी कापसाची काडी लागते, पाच मिनिटं लागतात आणि घाई न करणारा डॉक्टर लागतो. यातलं तिसरं मिळणं सगळ्यांत अवघड, असं माझं प्रामाणिक मत आहे.

काडी पाण्यात भिजवून घेतात. सुरुवात मांडीच्या आतल्या बाजूने करतात, तिथे दुखत नाही हे तिलाही कळावं म्हणून. मग मोठे ओठ, मग छोट्या ओठांची खाच, आणि शेवटी ओसरी. ओसरी घड्याळासारखी धरतात: वर लघवीच्या तोंडाकडे १२ वाजलेले, खाली गुदद्वाराकडे ६. एकेका आकड्यावर काडी अलगद टेकवतात आणि विचारतात, शून्य ते दहात किती? आकडे कागदावर काढलेल्या गोलात लिहितात.

वैशालीचा गोल असा निघाला: मांडीवर ०, मोठ्या ओठांवर ०, छोट्या ओठांवर १. ओसरीत १२ वाजता २, ३ आणि ९ वाजता ४, आणि ५, ६, ७ वाजता ८. काडी सहावर टेकली तेव्हा ती टेबलावरच वर सरकली. त्वचा मात्र सगळीकडे साधी, फार तर जराशी लालसर. अनेकींना इथे रडू येतं, कारण दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी नेमकी ती जागा शोधलेली असते.

हे आकडे पुढेही उपयोगी पडतात. दुखणं खालच्या अर्ध्यातच एकवटलं असेल, तर स्नायूंचा वाटा मोठा असण्याची शक्यता धरतात. १२ पासून १२ पर्यंत सगळीकडे सारखंच दुखत असेल, तर हार्मोन किंवा नसांकडे आधी बघतात. हा पक्का नियम नाही, दिशा दाखवणारी खूण आहे. स्नायूंसाठी वेगळी तपासणी असते: एकच बोट, भरपूर जेल लावून, ओसरीला शक्यतो न दाबता आत नेऊन बाजूच्या स्नायूंवर हलकेच दाबतात. वैशालीचे स्नायू दोरीसारखे ताठ लागले आणि दाबल्यावर तिचं ओळखीचं दुखणं उमटलं.

लग्न न झालेल्या मुलींच्या घरून इथे एक शंका हमखास येते. काडीची तपासणी पूर्ण बाहेरची आहे. त्यात स्पेक्युलम नसतं, आत काही घालत नाहीत. बोटाची तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही आणि सुरुवातीला ती टाळूनही उपचार सुरू करता येतात.

"पण फंगस लपून बसलं असेल तर?"

रास्त शंका आहे, म्हणून आधी तेच नीट निस्तरायचं. नीट म्हणजे नुसतं बघून नव्हे. स्रावाचा पीएच मोजायचा, सूक्ष्मदर्शकाखाली फंगसचे धागे शोधायचे, आणि संशय उरला तर फंगल कल्चर पाठवायचं. लघवीचं कल्चर आणि फंगल कल्चर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. फाइलमध्ये बहुतेकदा पहिलीच असते. हे निगेटिव्ह असेल तर पुढची क्रीम लिहायला कारण उरत नाही. स्वतःच ओळखून दुकानातून फंगसचं औषध घेणाऱ्या बायकांची अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा साधारण तिघींपैकी एकीलाच ते नुसतं फंगस निघालं होतं. म्हणजे 'मला माहितीये मला काय झालंय' हा अंदाज बऱ्याचदा चुकतो, आणि न बघता चिठ्ठी लिहिणाऱ्याचाही चुकतो.

फंगसखेरीज इतर काही गोष्टीही आधी बाजूला काढाव्या लागतात, कारण त्यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. कागदासारखे पातळ, पांढरे डाग आणि रात्रीची जबर खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असू शकतो. त्याला तीव्र स्टिरॉइड मलम आणि पुढे कायम नजर लागते, कारण त्यात कर्करोगाची थोडी शक्यता असते. पाळी गेलेल्या किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईची ओसरी इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडी आणि नाजूक होते. तिला तिथे लावायच्या इस्ट्रोजेनने फरक पडू शकतो. आग एकाच बाजूला, बसल्यावर वाढणारी आणि कमोडवर बसल्यावर कमी होणारी असेल तर प्युडेंडल नावाच्या नसेकडे बघायला हवं. न भरणारी जखम, गाठ, रक्त किंवा रंग बदललेला चट्टा असेल तर काडी बाजूला ठेवून बायोप्सीचा विचार करायचा.

पहिला उपचार म्हणजे थांबवणं

वैशालीला पहिली चिठ्ठी मिळाली ती काय थांबवायचं याची. दुकानात मिळणारं 'तीन औषधं एकत्र' क्रीम बंद. त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध एकत्र असतं. ते महिनोन्‌महिने चोळल्याने त्वचा पातळ होते आणि सोडल्यावर आणखी आग होते. जंतुनाशकाचं पाणी बंद. सुगंधी वॉश, वाइप्स, सुवासिक पॅड बंद. साबणसुद्धा ओसरीला लागू द्यायचा नाही, साधं पाणी पुरतं. रोज दिवसभर पँटी-लायनर वापरायची सवय होती, ती मोडायची. धुतल्यावर टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि वर साधी पेट्रोलियम जेली. लघवी करताना जळत असेल तर मगातून पाणी ओतत लघवी करायची.

यानेच दुखणं जातं असं नाही. पण आधीच कोकलणाऱ्या सायरनवर रोज दगड मारणं तरी थांबतं. वैशालीची दिवसभराची धुमसणारी आग यानेच तीन आठवड्यांत बरीच खाली आली. स्पर्शाचं दुखणं तसंच होतं.

बधिर करणारं मलम आणि 'डिप्रेशनची गोळी'

पुढे तिला पाच टक्क्यांचं लिग्नोकेन मलम दिलं. रात्री कापसाच्या छोट्या बोळ्याला लावून तो ओसरीवर ठेवायचा आणि झोपायचं. लावल्यावर पहिली काही मिनिटं जास्तच झोंबतं. हे आधी सांगितलं नाही तर बाई पहिल्याच रात्री ट्यूब फेकून देते. कल्पना अशी की रोज रात्री काही तास नसांना गप्प ठेवलं तर त्यांची चिडकी सवय मोडेल. याचा पुरावा मात्र संमिश्र आहे. सुरुवातीच्या एका अभ्यासात चांगला फरक दिसला. नंतर खोट्या मलमाशी तुलना केली तेव्हा दोन्ही गटांत सारखीच सुधारणा निघाली. तरीही धोका कमी आणि खर्च थोडा म्हणून डॉक्टर ते देतात, आणि संबंधाआधी १५-२० मिनिटं लावून पुसून टाकलं तर तेवढ्यापुरता आराम बऱ्याच जणींना मिळतो.

दुसरं औषध अॅमिट्रिप्टिलिन. ही गोळी मुळात नैराश्यासाठी आली, म्हणून औषधाचं नाव नेटवर टाकलं की घरात खळबळ उडते. पण नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा इथे ती बरीच कमी असते: रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू, सोसेल तसं आठवड्या-दोन आठवड्यांनी १० ने वाढवत. ती इथे नसांचे संदेश मंद करायला दिली जाते. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, बद्धकोष्ठ होतं. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, काचबिंदू किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर आधी सांगायला हवं, आणि मनाने एकदम बंद करायची नाही. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात. पसरलेल्या, सततच्या आगीत तिचा जास्त वापर होतो. ओसरीच्या दुखण्यात तिचा पुरावा कमकुवत आहे. वैशालीला ती दिली नाही.

आवळलेली मूठ उघडणं

तिच्या बाबतीत खरं काम झालं ते फिजिओथेरपीने. २०२१ साली कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ओसरीचं दुखणं असलेल्या २१२ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी दिली आणि निम्म्यांना रात्रीचं लिग्नोकेन. फिजिओथेरपीचा गट स्पष्टपणे पुढे होता, आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता.

ही फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याला शेक देणारी नव्हे. हे वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे होते, आणि अशा व्यक्ती मोठ्या शहरांबाहेर शोधाव्या लागतात. पहिल्या भेटीत आत हातही लावत नाहीत. पोटापर्यंत श्वास घेऊन सोडताना खालचे स्नायू कसे सैल पडतात हे शिकवतात. आपण ते आवळून बसलोय हे कळायलाच अनेकींना आठवडा लागतो. मग हातानं ताठ जागा मोकळ्या करणं, मग डायलेटर, म्हणजे योनीचं तोंड हळूहळू सैलावायला वापरायच्या गुळगुळीत कांड्या: करंगळीहून बारीक कांडीपासून सुरू करून हळूहळू पुढचा आकार. दुखण्याचा आकडा तीनच्या वर गेला की थांबायचं, हा तिथला नियम होता. सोसत सोसत पुढे गेलं तर स्नायू पुन्हा आवळायलाच शिकतात.

इथे एक ठळक सूचना. इंटरनेटवर 'खालचे स्नायू मजबूत करा' म्हणून केगेलचे व्यायाम सांगतात. लघवी निसटत असेल तर ते ठीक आहेत. आधीच आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढू शकतं.

"मग हे मनाचंच ना?"

नाही. मनाचं असतं तर काडीला पाच आणि सहा वाजताची जागा बरोबर सापडली नसती. पण दुखण्याच्या भीतीने स्नायू आवळतात आणि लक्ष सतत तिकडेच राहिलं की नसांचा आवाज वाढतो, हेही खरं. म्हणून या दुखण्यात समुपदेशन उपचाराचा भाग असतो. कॅनडातल्याच आधीच्या एका तुलनेत समुपदेशनातून दुखणं हाताळायला शिकवलेल्या गटाला अडीच वर्षांनंतर संबंधाच्या वेळी जेवढा आराम होता, तो शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जवळपास होता. वैशालीच्या नवऱ्याला दोन भेटींना बोलावलं. त्याला तोवर वाटत होतं की तिला तो नकोसा झालाय. तीन महिने संबंध पूर्ण बंद, बाकीची जवळीक चालू, असं ठरवून दिल्यावर दोघांनाही हायसं वाटलं.

"मूल झालं की आपोआप जाईल" हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यायचं. बाळंतपण हा यावरचा उपचार नाही. हे दुखणं संसर्गाचं नाही, नवऱ्याला होत नाही, आणि त्यामुळे वंध्यत्व येत नाही.

शस्त्रक्रिया कधी?

ओसरीचा दुखरा भाग काढून तिथे योनीची आतली त्वचा ओढून शिवतात. एका जागीच दुखणाऱ्या, निवडक बायकांत तिचे निकाल चांगले आहेत. पण ती सगळ्यात शेवटी, बाकीचे उपचार महिनोन्‌महिने नीट करून झाल्यावर. स्नायू आवळलेले असताना केली तर दुखणं राहू शकतं, आणि सगळीकडे पसरलेल्या आगीत ती करत नाहीत.

वैशालीपर्यंत ती वेळ आली नाही. पाचव्या महिन्यात काडीची तपासणी पुन्हा झाली. पाच आणि सात वाजता ३, सहाला ४. डायलेटरचा तिसरा आकार जातो, चौथा अजून अडतो. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आग परत डोकं वर काढते. स्कूटर ती पुन्हा चालवते, पण खड्ड्यांच्या रस्त्याने घरी जायला अजून रिक्षाच करते.